बोलता येतंय ना? मग वेग बरोबर आहे

सीताबर्डीच्या बाजारातली दुकानं उघडायच्या खूप आधी, फजरनंतर, मी आणि माझी धाकटी नणंद कस्तुरचंद पार्कवर धावायला जातो. पहिल्या आठवड्यात ती दोन फेऱ्यांतच धापा टाकत बसायची. म्हणायची, "भाभी, मेरे बस का नहीं।" खरं तर तिचा दम कमी नव्हता, वेग जास्त होता.

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. धावता धावता मोठ्याने बोलून बघायचं. याला टॉक टेस्ट म्हणतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. धावणाऱ्यांकडून ते त्यांच्या देशाची प्रतिज्ञा म्हणून घेत आणि विचारत, आरामात बोलता येतंय का? उत्तर 'हो' असेल तर वेग सोसणारा. 'हो, पण...' आलं की सीमा जवळ आली.

असं का होतं? बोलताना श्वास हळूहळू, धरून सोडावा लागतो. वेग फार वाढला की स्नायूंत तयार होणारं आम्ल आवरताना रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकायला शरीर भराभर श्वास मागतं. तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत, वाक्य मधेच तुटतं.

मी शिक्षिका, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकातली प्रतिज्ञाच घेतली. तिची पहिली तीन वाक्यं छोटी आहेत, ती कुणीही रेटून नेतं. परीक्षा होते चौथ्या, परंपरांच्या लांब वाक्यात. नणंदेचं तेच वाक्य तीनदा तुटलं. मी तिला पावलं आखूड टाकायला लावली. अर्ध्या फेरीनंतर पुन्हा म्हणवून घेतली, तर या वेळी एकदाच तुटलं. आणखी थोडं हळू, जवळजवळ भरभर चालण्याइतकं. मग वाक्य पूर्ण झालं आणि श्वास वाक्य संपल्यावरच घेतला गेला. तो तिचा वेग. त्या दिवशी ती न थांबता वीस मिनिटं धावली. (धावली म्हणजे काय, दुडकी चाल होती, पण थांबली नाही!)

आम्ही आधी एक चूक करत होतो. पहिल्याच मिनिटाला बोलून बघायचो. सुरुवातीला श्वास वाढायला वेळ लागतो, त्यामुळे जास्त वेगातही गप्पा मारता येतात. पाच-सात मिनिटांनी बघा, आणि मनात नाही, आवाज काढून. 'हो', 'नाही' एवढ्याने काही कळत नाही. उलट, धावताना गाणंसुद्धा सहज म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही.

मे महिन्यात आमच्या नागपुरात तीच चाल जड जाते. वाक्य लवकर तुटतं, तेव्हा कालचा वेग धरून बसू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, अशांना नाडी मोजण्यापेक्षा ही पद्धत सोयीची. मात्र छातीत दुखणं किंवा चक्कर हिच्यात दिसत नाही. तसं झालं तर बोलता येत असलं तरी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.