दोन बेसिकचा बोनस, पण नोकरी साडेआठ महिन्यांची

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला सुपरवायझर घेऊ. बेसिक 24,000 रुपये. नेमणूकपत्रात एक ओळ आहे: ‘वार्षिक बोनस दोन महिन्यांच्या बेसिकइतका, वर्षाच्या मध्ये रुजू झाल्यास प्रमाणात.’ कंपनीचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, आणि गडी रुजू झाला 17 जुलैला. पूर्ण वर्षाचे 48,000 होतात. त्याच्या हातात किती पडायला हवेत?

उत्तर ‘प्रमाणात’ या एका शब्दावर अडते. कंपनीने फक्त पूर्ण महिने धरले, तर ऑगस्ट ते मार्च असे आठ महिने भरतात आणि 32,000 रुपये मिळतात. दिवस मोजले तर 365 पैकी 258 भरतात. रक्कम होते 33,929. तिसऱ्या पद्धतीत पंधरा किंवा जास्त दिवस भरलेला महिना पूर्ण धरतात. 17 ते 31 जुलै हे नेमके पंधरा दिवस, म्हणजे नऊ महिने आणि 36,000 रुपये. माणूस तोच, काम तेवढेच, फरक चार हजारांचा. ब्राझीलमध्ये ‘तेरावा पगार’ 1962 पासून कायद्याने द्यावा लागतो आणि तिथे ही पंधरा दिवसांची रीत कायद्यातच लिहिली आहे. आपल्याकडच्या नेमणूकपत्रांत ती क्वचितच लिहिलेली असते, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

एक महिन्याच्या पगाराइतका बोनस ही कल्पना मुंबईला जुनी आहे. 1924 च्या सुरुवातीला गिरणी कामगार संपावर गेले, ते असा बोनस काही वर्षे देऊन मालकांनी बंद केला म्हणून. पुढे कायद्यात किमान बोनसचा 8.33 टक्के हा विचित्र दिसणारा आकडा आला. तो म्हणजे शंभराचा बारावा भाग, वर्षाच्या कमाईतला एक महिना.

टक्केवारीच्या या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. बोनस प्रत्यक्ष कमावलेल्या पगारावर निघत असल्याने अर्धवट वर्षाचा हिशोब आपोआप होतो. फिलिपिन्सचा तेरावा पगारही असाच निघतो: वर्षात मिळालेले बेसिक जोडायचे आणि बाराने भागायचे. महिने मोजण्याचा प्रश्नच येत नाही. दोन बेसिकचा बोनस असेल तर बाराऐवजी सहाने भागले की झाले.

‘दर’ आणि ‘मिळकत’ यांची गल्लत झाली की मात्र मोठे नुकसान होते. पगारपत्रकात बेसिक दोन रकान्यांत असते: एकात ठरलेला दर, दुसऱ्यात त्या महिन्यात पदरात पडलेली रक्कम. समजा, या सुपरवायझरने मार्चमध्ये चार दिवस बिनपगारी रजा घेतली. दराच्या रकान्यात 24,000 च राहतील, मिळकतीच्या रकान्यात 20,903 येतील. बोनस दरावर काढून दिवस 258 ऐवजी 254 धरले, तर 33,403 रुपये होतात. चार दिवसांचे 526 कमी झाले, हे रास्त. पण कारकुनाने मिळकतीचा रकाना उचलला आणि वर दिवसही 254 धरले, तर हातात येतात 29,092. चार दिवसांच्या रजेपायी साडेचार हजारांहून जास्त कापले गेले, कारण एकच गैरहजेरी दोनदा मोजली गेली. ओळखायची खूण सोपी आहे: रजेमुळे गेलेला बोनस एका दिवसाच्या बोनसच्या पटीत बसतो का, ते पाहायचे. इथे एका दिवसाचे साधारण 131 रुपये 50 पैसे.

कोणते दिवस कापायचे, यावर 1965 च्या बोनस कायद्याने स्पष्ट उत्तर दिले. पगारी रजा, पगारी प्रसूती रजा, ले-ऑफ आणि कामावर झालेल्या अपघातामुळे आलेली तात्पुरती असमर्थता, हे सगळे दिवस ‘काम केलेले’च धरायचे. वर्षात तीस दिवस काम केले की माणूस पात्र होतो. बाळंतपणाची पगारी रजा बोनसमधून वजा करणे सरळ चूक आहे, तरी ती होते.

पण या सुपरवायझरला त्या कायद्याचा आधार नव्हता. 2015 च्या दुरुस्तीनंतर त्याची मर्यादा महिना 21,000 रुपये झाली आणि त्याचे एकटे बेसिकच त्याहून जास्त. त्याचा हक्क नेमणूकपत्रातल्या त्या एका ओळीत. बोनस वाटपाच्या दिवशी हजेरीपटावर असण्याची अट त्यात असेल, तर दिवाळीच्या आदल्या महिन्यात राजीनामा देणाऱ्याला 33,929 ऐवजी शून्य मिळू शकते.

म्हणून नोकरी स्वीकारताना, सही करण्याआधी, एचआरकडून चार उत्तरे लेखी घ्या: महिने मोजणार की दिवस, अपुऱ्या महिन्याचे काय, बेसिक कोणत्या तारखेचे, आणि मध्येच नोकरी सोडली तर काय.