न काढलेल्या लॉटरीचे २५ लाख : ‘आधी पैसे भरा’ म्हणणारा मेसेज कसा ओळखायचा?

‘अभिनंदन! तुमच्या मोबाइल नंबरला कौन बनेगा करोडपतीच्या लकी ड्रॉमध्ये २५ लाखांचं बक्षीस लागलं आहे.’ असा मेसेज गेली अनेक वर्षं व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. सोबत अमिताभ बच्चन यांचा फोटो, एक लॉटरी नंबर आणि ‘लॉटरी मॅनेजर’चा फोन नंबर असतो. फोन फक्त व्हॉट्सअॅपवरूनच करा, असंही बजावलेलं असतं. अशा मेसेजबद्दल दिल्ली पोलिसांनी लोकांना सावध केलं होतं. त्यांतले अनेक नंबर +92 ने, म्हणजे पाकिस्तानच्या कोडने सुरू होत होते. पण नंबर +91 चा असला म्हणून मेसेज खरा ठरत नाही.

खरी खूण कोणती?

फोन केला की ‘मॅनेजर’ आधी थोडेच पैसे मागतो. समजा, प्रोसेसिंग फी म्हणून ८ हजार. ते भरले की ‘जीएसटी’चे २५ हजार, मग ‘इन्कम टॅक्स’चे ६० हजार. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. फसवणुकीचा सगळा डाव यावरच चालतो.

भारतात लॉटरीच्या रोख बक्षिसावर ३० टक्के कर लागतो. तो बक्षीस देणारी संस्थाच कापून घेते. २५ लाखांतून साडेसात लाख कापले जातील आणि साडेसतरा लाख विजेत्याला मिळतील. म्हणजे बक्षीस मिळवण्यासाठी आधी खिशातून काही भरावं लागत नाही. मोटारीसारखं वस्तुरूप बक्षीस असेल, तर कर आधी भरावा लागू शकतो. पण तिथे मुळात त्या स्पर्धेत भाग घेतलेला असतो. जिचं तिकीटच काढलं नाही, ती लॉटरी लागत नाही.

मेसेज आला तर

उत्तर देऊ नये. आधार, पॅन, पासबुकचा फोटो किंवा ओटीपी पाठवू नये. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवून नंबर रिपोर्ट आणि ब्लॉक करावा.

पैसे गेले असतील तर

लगेच 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावं. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि पैसे गेलेला खातं क्रमांक किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. त्यावरून पुढच्या बँकेला ती रक्कम गोठवायला सांगता येतं. पण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. ते एकदा काढले गेले, की परत मिळणं अवघड होतं. त्यामुळे घरच्यांना कसं सांगायचं या संकोचात दिवस घालवू नये. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते.

काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. ही त्याच फसवणुकीची पुढची पायरी असते.