हील ड्रॉप आणि स्टॅक हाइट : दोन आकडे, आणि त्यांची होणारी गल्लत

रनिंग शूजच्या माहितीत दोन आकडे हमखास दिलेले असतात. एक ‘ड्रॉप’, दुसरा ‘स्टॅक हाइट’. जाड गादीच्या बुटांमधून पातळ, म्हणजे मिनिमलिस्ट, बुटांकडे वळणारे बहुतेक जण हे दोन्ही एकच समजतात. बूट पातळ म्हणजे ड्रॉप कमी, बूट जाड म्हणजे ड्रॉप जास्त. तसं नाहीये. आणि या गल्लतीमुळे धावणाऱ्याची पोटरी तर दुखतेच, पण प्रयोग आखणाऱ्याचा प्रयोगही बिघडतो. म्हणून हा विषय इथे घेतोय.

स्टॅक हाइट म्हणजे पायाचा तळवा आणि जमीन यांच्यामध्ये जे काही आहे त्याची एकूण जाडी: इनसोल, मिडसोलचा फोम आणि खालचं रबर. ही जाडी टाचेखाली वेगळी आणि चवड्याखाली वेगळी असते. ड्रॉप म्हणजे या दोन जाड्यांमधला फरक.

ड्रॉप = टाचेखालची जाडी − चवड्याखालची जाडी

समजा एका नेहमीच्या गादीदार बुटात टाचेखाली ३२ मिमी आणि चवड्याखाली २२ मिमी जाडी आहे. ड्रॉप झाला १० मिमी. आता दुसरा बूट घ्या, दोन्हीकडे २८ मिमी. ड्रॉप शून्य, पण गादी भरपूर. असे बूट बाजारात सहज मिळतात. तिसरा बूट, दोन्हीकडे ६ मिमी. ड्रॉप इथेही शून्यच, पण पायाला जमिनीवरचा खडा जाणवेल. दुसरा आणि तिसरा बूट ‘झीरो ड्रॉप’ या एकाच नावाखाली विकला जातो. पायाच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे प्राणी आहेत.

मोजतात कुठे?

वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स ही संस्था स्पर्धेतल्या बुटांची जाडी तपासते, तेव्हा मोजण्याच्या जागा ठरलेल्या असतात. बुटाच्या आतल्या लांबीच्या १२ टक्क्यांवर टाचेचा मध्य आणि ७५ टक्क्यांवर चवड्याचा मध्य. जागा ठरवल्याशिवाय ड्रॉपच्या आकड्याला अर्थ नाही, कारण मिडसोलची जाडी मिलिमीटरा-मिलिमीटराला बदलत असते.

बाहेरून बघून अंदाज करायला जाल तर फसाल. बऱ्याच बुटांत मिडसोलच्या कडा वर उचललेल्या असतात आणि पाय त्या वाटीत आत बसलेला असतो. बाहेरून ४० मिमी दिसणारी टाच आतून बरीच कमी भरते. खात्रीने मोजायचं असेल तर जुना, टाकाऊ बूट मधोमध उभा कापून व्हर्निअर कॅलिपर लावणे हाच सरळ मार्ग. शिवाय हा आकडा बूट रिकामा असतानाचा आहे. अंगाचं वजन पडलं की फोम दबतो, आणि टाचेवर पडणाऱ्या माणसाच्या बुटात तो टाचेकडे जास्त दबतो. म्हणजे छापलेला १० मिमी ड्रॉप धावताना १० मिमी राहीलच असं नाही.

१० मिमी काढून टाकले तर पायात काय बदलतं

थोडी भूमिती करू. बुटाची आतली लांबी २७० मिमी धरा. १२ टक्के ते ७५ टक्के म्हणजे ६३ टक्के, म्हणजे टाचेच्या आणि चवड्याच्या बिंदूंमध्ये साधारण १७० मिमी अंतर. १० भागिले १७० केलं की उतार येतो ०.०५९, कोनात सांगायचं तर जवळपास ३.४ अंश. १० मिमीच्या बुटातून शून्य ड्रॉपच्या बुटात आलात, तर नडगी त्याच स्थितीत ठेवण्यासाठी घोट्याला ३.४ अंश जास्त दुमडावं लागतं.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण अकिलीस टेंडन घोट्याच्या सांध्याच्या केंद्रापासून साधारण ५ सेंटिमीटर मागे असतो. ५० मिमी गुणिले ०.०५९ म्हणजे जवळपास ३ मिमी. पोटरीचे स्नायू आणि टेंडन मिळून जी दोरी बनते, तिला इतकी जास्त लांबी पुरवावी लागते. एकदा नाही, ५ किलोमीटरच्या धावेत प्रत्येक पायाची अडीच हजारांच्या आसपास पावलं पडतात, तितक्या वेळा. हा हिशेब स्थिर उभ्या पायाचा आहे हे लक्षात ठेवा. प्रत्यक्ष धावताना माणूस पाऊल टाकण्याची पद्धतच थोडी बदलतो, गुडघा वेगळा वाकवतो, त्यामुळे पूर्ण ३ मिमी टेंडनच्याच वाट्याला येतील असं नाही. पण दिशा तीच राहते.

ही दिशा धावण्याच्या बायोमेकॅनिक्समध्ये पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. ड्रॉप कमी झाला आणि पाऊल चवड्याकडे पडू लागलं की गुडघ्यावरचं काम कमी होतं आणि घोटा-पोटरीवरचं वाढतं. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. म्हणून ‘मिनिमलिस्ट बुटांनी दुखापत कमी होते का?’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कुठली दुखापत, ते आधी सांगा.

स्टॅकचं काम वेगळं

ड्रॉप कोन बदलतो, तर स्टॅक दाब पसरवतो. जाड फोम असेल तर चवड्याखालचा भार मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. फोम काढला की तोच भार मेटाटार्सल हाडांच्या टोकांखाली एकवटतो. पातळ सोल लवचीकही असतो, त्यामुळे ही लांबट हाडं प्रत्येक पावलाला जास्त वाकतात.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतल्या सारा रिज आणि सहकाऱ्यांचा २०१३ सालचा प्रयोग इथे वाचण्यासारखा आहे. ३६ अनुभवी धावपटू घेतले. त्यातल्या १९ जणांनी १० आठवड्यांत हळूहळू बोटांच्या मिनिमलिस्ट बुटांकडे वळायचं होतं, बाकीचे आपल्या जुन्या बुटांतच धावले. आधी आणि नंतर पायाचा एमआरआय. १९ पैकी १० जणांच्या हाडांमध्ये मज्जेची सूज वाढलेली दिसली. ही सूज म्हणजे फ्रॅक्चर नव्हे. हाड भाराला प्रतिसाद देतंय याची ती खूण आहे, पण भार तसाच वाढत राहिला तर पुढची पायरी स्ट्रेस फ्रॅक्चरची असू शकते.

घात होतो तो वेळेच्या गणितात. पोटरीचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, कारण स्नायू लवकर जुळवून घेतो. माणसाला वाटतं, जमलं. हाडाचं वेळापत्रक वेगळं असतं. नवीन भार आला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. मधले काही आठवडे ते उलट थोडं कमकुवत असतं. म्हणजे नेमकं ज्या आठवड्यात पोटरी शांत होते आणि अंतर वाढवायचा मोह होतो, तेव्हाच मेटाटार्सल सर्वांत नाजूक अवस्थेत असण्याची शक्यता असते. ‘आम्ही लहानपणी अनवाणीच धावलो’ हा युक्तिवाद आपल्याकडे फार ऐकू येतो. पण मधल्या १५ वर्षांत ते हाड बुटाच्याच सवयीचं झालेलं असतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

एक जण आठवड्यातून चार दिवस ६-६ किमी, म्हणजे २४ किमी धावतो. बूट ३२/२२. त्याला ६/६ चा बूट घ्यायचाय. या एका उडीत टाचेखालून २६ मिमी आणि चवड्याखालून १६ मिमी जातात, वर १० मिमीचा ड्रॉपही. दोन बदल एकदम. पुढे काही दुखलं तर कशामुळे, हे त्याला कधीच कळणार नाही.

मी त्याला सांगेन की दोन्ही गोष्टी वेगळ्या कर. आधी गादी साधारण तितकीच ठेवून ४-५ मिमी ड्रॉपचा बूट, दोन-तीन महिने. मग कमी स्टॅक. अकिलीसचा जुना त्रास असेल तर क्रम उलटा: ड्रॉप राखून आधी पातळ बूट. शेवटच्या ६/६ बुटात सुरुवात आठवड्यातून दोनदा एकेक किलोमीटरने, बाकीचे २२ किमी आधीच्या बुटात. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. पूर्ण बदलाला सहा महिने लागले तर ते जास्त नाहीत.

दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील आणि दोन-तीन दिवसांत कमी होत असतील, तर ते साधं स्नायूंचं दुखणं. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं ताठ पडत असतील आणि टाचेच्या थोडं वर चिमटीत दाबल्यावर टेंडन दुखत असेल, तर एक पायरी मागे या, जास्त ड्रॉपच्या बुटात. आणि पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांकडे जायचं. ‘वॉर्म-अप झाला की बरं वाटतं’ हा निकष इथे चालत नाही.

आणि प्रयोग आखायचा असेल तर

ड्रॉप हा एक फरक आहे, स्वतंत्र राशी नाही. त्यामुळे ‘फक्त ड्रॉप बदलला, बाकी सगळं तसंच ठेवलं’ हे वाक्य भूमितीतच अशक्य आहे. टाच कमी करा किंवा चवडा वाढवा, कुठली तरी जाडी बदलणारच. पेपर वाचताना बघा, संशोधकांनी काय स्थिर ठेवलंय: टाचेची जाडी, चवड्याची, की सरासरी? अनवाणी विरुद्ध बूट अशा तुलनेत तर ड्रॉप, स्टॅक, वजन, लवचीकता सगळंच एकदम बदलतं.

लक्झेंबर्गमध्ये मालिसू आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी मला म्हणूनच आवडते. ५५३ हौशी धावपटूंना चिठ्ठ्या टाकल्यासारखं १०, ६ किंवा ० मिमी ड्रॉपचे गादीदार बूट वाटले आणि सहा महिने दुखापती नोंदवल्या. एकूण बघता तिन्ही गटांत दुखापतीच्या धोक्यात ठळक फरक नाही. पण धावण्याच्या नियमितपणानुसार दोन गट पाडल्यावर चित्र फाटलं. आदल्या वर्षात सहा महिन्यांहून कमी काळ नियमित धावलेल्यांमध्ये कमी ड्रॉपवाल्यांचा हॅझार्ड रेशो ०.४८ आला, म्हणजे धोका जवळपास निम्मा. नियमित धावणाऱ्यांमध्ये तोच १.६७, म्हणजे धोका जास्त. दोन विरुद्ध परिणाम एकत्र मिसळले की सरासरीत काहीच उरत नाही.

याचं एक सोपं स्पष्टीकरण असं की नियमित धावणाऱ्याचे टेंडन आणि हाडं जुन्या उतारावर घडलेली असतात आणि तो नव्या बुटातही आपलं जुनंच अंतर धावतो, तर क्वचित धावणाऱ्याकडे मोडण्यासारखी सवयच नसते. पण हे स्पष्टीकरण त्या चाचणीने तपासलेलं नाही. ते तपासायचं असेल तर बुटाबरोबर आठवड्याचं अंतरही यादृच्छिकपणे ठरवून द्यावं लागेल, आणि सहभागी धावपटू ते पाळतील का, हा त्या प्रयोगातला सर्वांत अवघड भाग असेल.