पैसे कापले, पावती नाही

रात्री 8 वाजून 12 मिनिटांनी फोन वाजला. त्या आठवड्यात ऑन-कॉल मी होते, म्हणजे यंत्रणा बिघडली की पहिला फोन मला. आमची कंपनी लोकांची वीजबिलं ऑनलाइन भरून घेते. एरवी शंभरातली दोन-तीन पेमेंट अडकतात; त्या रात्री पंचवीसच्या वर अडकत होती.

सेवा पूर्ण बंद पडली असती, तर ग्राहकांना सांगणं सोपं होतं: बंद आहे, थांबा. अर्धवट बिघाडात तसं नसतं. चौघांपैकी तिघांचं बिल बिनतक्रार भरलं जात होतं. चौथ्याच्या खात्यातून पैसे जात होते, पण पावती येत नव्हती आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहत होतं. अशा वेळी माणूस साहजिकच पुन्हा ‘पैसे भरा’ दाबतो. बहुतेकदा दुसऱ्या खेपेला पावती येतेही, आणि एकाच बिलाचे पैसे दोनदा जातात. म्हणून कारण शोधायच्या आधी मला ग्राहकांना थांबवायचं होतं.

पहिल्या घाईत मी लिहिलं होतं: ‘तांत्रिक अडचणीमुळे काही ग्राहकांना गैरसोय होत आहे.’ मग ते मीच ग्राहक होऊन वाचलं. ‘काही’ म्हणजे मी त्यात आहे की नाही? माझे पैसे कुठे आहेत? मी आता काय करू? एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. ‘25 टक्के’ लिहूनही भागलं नसतं. ज्याचे पैसे अडकलेत, त्याच्या लेखी बिघाड शंभर टक्केच असतो. ग्राहकाला टक्केवारीपेक्षा स्वतःला ओळखता येईल अशी खूण लागते. 8.25 ला स्थितीच्या पानावर गेलेला मजकूर असा होता:

‘रात्री 8 पासून काही वीजबिलांचे पैसे खात्यातून कापले जात आहेत, पण पावती येत नाही. तुमचं असं झालं असेल, तर कृपया पुन्हा पैसे भरू नका. पावती आली असेल, तर तुमचं बिल भरलं गेलं आहे. कारण शोधत आहोत. पुढची माहिती 8.45 ला देऊ.’

‘पैसे पाच दिवसांत परत येतील’ असं लिहायचा आग्रह एका सहकाऱ्याने धरला. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहेच: यूपीआयने पैसे गेले आणि विक्रेत्याकडे पेमेंटची खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांत ते परत यायला हवेत, नाहीतर रोज 100 रुपये भरपाई. पण आम्ही बँकेच्या यादीशी ताळा करून बिल भरलेलं दाखवू शकलो, तर पैसे परत येणारच नव्हते. म्हणून ते वाक्य मी घेतलं नाही.

8.45 ला नवं काहीच हाती नव्हतं. तरी लिहिलं: ‘कारण अजून सापडलेलं नाही. पुन्हा पैसे भरू नका, ही सूचना कायम आहे. पुढची माहिती 9.05 ला.’ दिलेली वेळ गप्प राहून गेली, की लोक आपल्याच मनाने प्रयोग करू लागतात.

कारण तसं साधं निघालं. बँकेकडून ‘पैसे मिळाले’ हा निरोप घेणारे आमचे चार सर्व्हर आहेत. त्यातल्या एकाची डिस्क भरली होती. तो निरोप घ्यायचा, पण नोंद करू शकत नव्हता. ‘जिवंत आहेस का?’ या तपासणीला मात्र तो ‘हो’ म्हणायचा, त्यामुळे चौथा हिस्सा त्याच्याकडे जातच राहिला. आम्ही त्याला बाजूला काढलं आणि आलेख सरळ झाला.

इथे ‘समस्या सुटली’ लिहायचा मोह फार होतो. पण 8 ते 9 च्या दरम्यान अडकलेल्यांच्या हाती अजून पावती नव्हती. 9.05 ला लिहिलं: ‘आता नवी बिलं नीट भरली जात आहेत. आधी अडकलेल्या पावत्या बँकेच्या नोंदींशी जुळवून पाठवत आहोत. ज्यांचे पैसे कापले गेले आहेत, त्यांनी अजूनही थांबावं.’ डिस्कचा उल्लेख केला नाही. त्या घटकेला तो ग्राहकाच्या कामाचा नव्हता. सविस्तर कारण दुसऱ्या दिवशीच्या अहवालात दिलं.

हा मजकूर लोकांपर्यंत पोचला, कारण आमचं स्थितीचं पान वेगळ्या यंत्रणेवर आहे. 28 फेब्रुवारी 2017 ला अॅमेझॉनची एस-3 ही साठवणसेवा कोलमडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पानही एस-3 वरच अवलंबून होतं. सुमारे दोन तास त्यांना सेवांची खरी स्थिती तिथे बदलता येईना; ट्विटर आणि पानावरची एक सूचनापट्टी यांवर काम भागवावं लागलं.

10.20 ला शेवटची पावती गेली, तेव्हाच ‘सुटली’ असं लिहिलं. मग 8.25 च्या आधीच दोनदा पैसे भरून बसलेल्यांची यादी काढली. त्यांच्यासाठी सगळ्यांच्या पानावरची सूचना पुरेशी नव्हती. प्रत्येकाला बिलाची रक्कम आणि जादा गेलेल्या पैशांचा व्यवहार क्रमांक घालून वेगळा संदेश पाठवला, आणि ‘परताव्यासाठी तुम्हाला अर्ज करायची गरज नाही’ हे वाक्य सर्वांत वर ठेवलं.