बोटांकडून वर विणलेला मोजा

हाताने विणलेला मोजा बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. चवड्यावर तो नीट बसतो, पोटरीवरही बसतो. पण घालताना टाचेवरून सरकत नाही, किंवा सरकला तर पावलाच्या वरच्या बाजूला करकचून ओढ बसते. पायाचा सर्वांत मोठा घेर तिथेच असतो. टेप टाचेच्या टोकाखालून घेऊन समोर घोट्याच्या वाकापर्यंत तिरपी फिरवा, म्हणजे कळेल. चवड्याचा घेर 22 सेंटिमीटर असलेल्या पायात हा तिरपा घेर 32 सेंटिमीटरच्या आसपास भरतो. मोजा विणणाऱ्याने चवड्याच्या घेराआधी हे माप लिहून ठेवावे.

वरून खाली विणलेल्या मोज्यात पावलाची लांबी आणि बोटांकडचा भाग सर्वांत शेवटी येतो. बोटांकडून सुरुवात केली, की विणलेला प्रत्येक भाग लगेच पायात घालून पाहता येतो. चुकले तर तेवढेच उसवायचे. लोकर संपत आली तर मोजा थोडा आखूड होतो, पण पाऊल पूर्ण झालेले असते. ही सगळी सोय मिळवण्यासाठी सुरुवात, टाच आणि शेवटची कड या तीन जागी नीट लक्ष द्यावे लागते.

22 सेंटिमीटर घेराचे आणि 24 सेंटिमीटर लांबीचे पाऊल उदाहरणाला घेऊ. मोज्याची बारीक लोकर, अडीच नंबरच्या म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीच्या सुया, आणि नमुन्याच्या तुकड्यात 10 सेंटिमीटरमध्ये 32 टाके व 44 ओळी. मोजा पायापेक्षा थोडा लहान असावा, तरच तो ताणून अंगासरशी राहतो. म्हणून घेर 20 सेंटिमीटर धरायचा, म्हणजे 64 टाके. लांबी 23 धरायची. नमुना आधी धुऊन, वाळवून मगच मोजावा, कारण धुतल्यावर वीण बदलते.

टाके लांब तारेच्या गोल सुईवर घालावेत. ज्यूडी बेकर यांनी 2006 मध्ये ‘निटी’ या नियतकालिकात दाखवलेल्या पद्धतीत सुईच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने धागा गुंडाळत दुहेरी टाके पडतात आणि बोटांच्या टोकाला शिवण राहत नाही. दोन्ही बाजूंना 12-12 टाके घाला. मग एक फेरी साधी आणि एक फेरी वाढीची, अशा रीतीने दोन्ही कडांना मिळून दर वाढीच्या फेरीत चार टाके वाढवा. दहा वाढींत 24 चे 64 होतात. इथे पहिल्यांदा घालून पाहा. बोटे आत सुटसुटीत बसली पाहिजेत, आणि 64 टाक्यांची कड चवड्यावर थोडी ताणून पण न काचता यावी. घेर चुकला असेल तर इथेच कळतो, आणि उसवायला फक्त वीस फेऱ्या असतात.

पाऊल सरळ विणत गेल्यावर पुढचा प्रश्न येतो, की टाच कधी सुरू करायची. अपुऱ्या ओळींची टाच, म्हणजे ओळ पूर्ण न करता मध्येच वळत जाणारी टाच, स्वतःची लांबी पावलाला जोडते. तिची खोली आपल्या हिशेबात 5 सेंटिमीटर आहे. 23 मधून 5 वजा केले की 18 उरतात. तिथे टाच सुरू होते. आकड्यावर विसंबू नका, पाय जमिनीवर भार देऊन टेकवा, टाच भिंतीला लावा आणि तळव्याखाली सुयांपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. मोजा थोडा ताणलेला असल्यामुळे ते 5 सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त यायला हवे. बसून, पाय हवेत धरून मोजले तर लांबी फसते, कारण भार पडल्यावर पाऊल पसरते आणि लांब होते.

टाच तळव्याकडच्या 32 टाक्यांवरच विणायची. वरचे 32 टाके तसेच थांबतात. पहिली ओळ पूर्ण सुलट विणून काम उलटवा. पहिला टाका उजव्या सुईवर उचलून धागा वरून मागे इतका ओढा की त्या टाक्याचे दोन्ही पाय दिसतील. हा झाला दुहेरी टाका. उरलेली ओळ उलट विणा, पुन्हा वळा, पुन्हा तेच. प्रत्येक ओळ आधीच्या दुहेरी टाक्याशी थांबते. दोन्ही बाजूंना 11-11 दुहेरी टाके होऊन मध्ये 10 साधे उरले की पहिला अर्धा भाग संपला. या 22 ओळी म्हणजेच आपले 5 सेंटिमीटर. आता सर्व 64 टाक्यांवर दोन फेऱ्या विणा आणि दुहेरी टाक्याचे दोन्ही पाय एकत्र विणा. मग मधल्या टाक्यांपासून सुरू करून दर ओळीला एक-एक टाका पुढे जात वळत राहा, सगळे 32 परत येईपर्यंत. टाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत छिद्र पडण्याची शक्यता असते. तिथला आडवा धागा उचलून, पीळ देऊन, शेजारच्या टाक्याबरोबर विणला की ते बुजते.

आता पुन्हा घाला. टाचेची वाटी मागे घोट्याच्या दिशेने वर चढून फुगली असेल तर पाऊल लांब झाले आहे. वाटी तळव्याखाली ओढली जात असेल तर दोन कारणे संभवतात. पावलाच्या वरच्या बाजूला वीण मोकळी असेल आणि फक्त बोटे दाबली जात असतील तर लांबी कमी पडली. मात्र टाचेच्या कोपऱ्यांपासून पावलाच्या वरच्या बाजूला तिरप्या ओढ्या दिसत असतील तर पाऊल वरून उंच आहे आणि टाच उथळ पडते आहे. ही या टाचेची खरी मर्यादा आहे. अशा पायासाठी टाचेच्या आधी, तळव्याच्या दोन्ही कडांना एकाआड एक फेरीत एक-एक टाका वाढवून 32 चे 40 करावेत. मग टाच 14 दुहेरी, 12 साधे, 14 दुहेरी अशी येते आणि साडेसहा सेंटिमीटरच्या जवळपास खोल होते. तेवढी ती लवकर, साधारण साडेसोळा सेंटिमीटरवर सुरू करावी. वाढवलेले आठ टाके टाच झाल्यावर हळूहळू कमी करावेत.

मग पोटरीचा भाग आणि एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर. शेवटच्या कडेला 32 सेंटिमीटरचे माप पुन्हा समोर येते. नेहमीच्या रीतीने टाके बंद केले की वरून एक साखळी बनते. प्रत्येक टाक्यामागे ठरावीकच धागा असल्याने ती फार ताणत नाही. बॉर्डर कितीही लवचीक असो, ती कड टाचेवर अडते. जेनी स्टेमन यांनी 2009 मध्ये ‘निटी’तच दिलेली रीत प्रत्येक टाक्याला जास्तीचा धागा पुरवते. टाका विणण्याआधी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा, टाका विणायचा आणि वेढा त्या टाक्यावरून उतरवायचा. सुलट टाक्याआधी वेढा मागून पुढे, उलट टाक्याआधी पुढून मागे. दोन टाके झाले की पहिला दुसऱ्यावरून उतरवायचा.

दुसरा पर्याय अमेरिकेतल्या विख्यात विणकर एलिझाबेथ झिमरमन यांच्या नावाने ओळखली जाणारी शिवलेली कड. घेराच्या तिप्पट-चौपट धागा राखून तोडा आणि बोथट सुईत ओवा. दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे सुई घाला, मग पहिल्याच टाक्यातून परत डावीकडून उजवीकडे काढून तो टाका सोडा. ही कड सपाट बसते. उभ्या बॉर्डरवर पहिली रीत सोयीची. साध्या विणीवर मात्र ती झालरीसारखी फुलते, तिथे शिवलेली कड चांगली.

धाग्याचे टोक पक्के करण्याआधी कड टेपवर ताणून पाहा. 32 सेंटिमीटर येत नसेल आणि बॉर्डर उघडत असताना कडच दोरीसारखी ताठ होत असेल तर ती उसवा. कड फुलत असेल तर प्रत्येक टाक्याऐवजी एकाआड एक टाक्याला वेढा घ्या. मग मोजा घालून काढा. कड टाचेवरून न अडखळता गेली पाहिजे आणि पोटरीवर परत मिटली पाहिजे. बसलेल्या मोज्याच्या फेऱ्या, दुहेरी टाक्यांची संख्या आणि वेढ्यांची रीत लिहून ठेवावी. दुसरा मोजा टेपने न मोजता या संख्यांवरून विणला तरच जोडी सारखी होते.