कॅन्सरची बातमी टीमला सांगताना

कॅन्सर झाल्याचं सहकाऱ्यांना सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण केमोथेरपी सुरू होणार असेल तर गोष्ट फार दिवस झाकून राहत नाही. रजा पडतात, बऱ्याच औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात आणि मग लोक आपापले अंदाज बांधतात. त्यापेक्षा आपण होऊन, आपल्या शब्दांत सांगितलेलं बरं. आधी साहेब आणि एचआरला एकट्यात सांगावं, म्हणजे रजेचं बोलणं टीमसमोर होत नाही. टीमला मात्र उपचारांच्या तारखा हातात आल्यावरच सांगावं.

समजा, एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातल्या बाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला आहे. डॉक्टरांनी आधी केमोचे चार डोस ठरवले आहेत, दर 21 दिवसांनी एक: 3 जून, 24 जून, 15 जुलै आणि 5 ऑगस्ट. बोलण्यासाठी त्यांनी कागदावर सुरुवात अशी लिहावी:

“मला ब्रेस्ट कॅन्सर झालाय. 3 जूनपासून केमो सुरू होतेय. स्टेज आणि रिपोर्ट मी घरच्यांपुरतेच ठेवणार आहे, त्याबद्दल कृपया विचारू नका. कामाचं काय करायचं ते मात्र आज ठरवू या.”

एवढंच, सावकाश वाचून. रडू आलं तर थांबावं, पाणी प्यावं, कागद हातात असतोच. स्टेजचं वाक्य वगळू नये. ते नसलं की पहिला प्रश्न हमखास तोच येतो.

कामाचा भाग लिहायला जास्त वेळ लागतो, कारण केमोचं चक्र महिन्याच्या तारखा पाळत नाही. साधारणपणे डोसनंतरचे तीन-चार दिवस मळमळ आणि थकव्याचे जातात. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात, म्हणजे संसर्गाची भीती तेव्हा जास्त. तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना तरतरी येते. आता हे अकाउंट्सच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. 24 जूनच्या डोसचा दुसरा आठवडा 1 ते 7 जुलै, आणि टीडीएस भरायची शेवटची तारीख 7. ते काम दुसऱ्याकडे गेलंच पाहिजे. पण 11 जुलैचा जीएसटीआर-1 तिसऱ्या आठवड्यात येतो, तो बाई स्वतः करू शकतील. 20 जुलैचा 3बी पुन्हा नाही, कारण 15 तारखेचा डोस नुकताच झालेला असेल. म्हणून कागदावर असं लिहावं:

“7 जुलैचं चलन आणि 20 जुलैचा 3बी दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. 11 तारखेचं मी करेन. तरी तिन्ही कामांचे पासवर्ड आणि फाइली एकाला माहीत हव्यात, कारण डोस पुढे जाऊ शकतो.”

हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासतात आणि पेशी कमी निघाल्या तर डोस लांबतो. आठवडाभर सरकला की सगळं वेळापत्रक हलतं, आणि नेमक्या चांगल्या म्हणून धरलेल्या दिवशी बाई अंथरुणात असतात.

मग तब्येतीबद्दल दोनच सूचना:

“सर्दी-खोकला असेल तर माझ्या टेबलाशी येऊ नका, फोन करा. आणि ऑफिसात मला कणकण वाटली तर क्रोसिन देऊ नका, ताप मोजा आणि माझ्या घरी फोन लावा.”

केमो चालू असताना 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं. गोळीने ताप उतरतो, आतला संसर्ग मात्र वाढत राहतो. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही, हेही एकदा मोठ्याने सांगून टाकावं. पाण्याचा ग्लास वेगळा ठेवणारे लोक अजून भेटतात.

शेवटी निरोपाची व्यवस्था. टीममधली एकच व्यक्ती नेमावी, तिच्याकडूनच खुशाली कळेल. नाहीतर केमोच्या दुसऱ्या दिवशी डझनभर “कशी आहेस?” येतात आणि प्रत्येकाला उत्तर देण्यात जीव जातो. गव्हांकुर, गोमूत्र, कुणाच्या तरी मावशीला लागू पडलेला काढा यांचे मेसेज पाठवू नका, हेही तीच व्यक्ती सांगेल. ते बाईंनी स्वतः सांगणं अवघड जातं.

पगार ईएसआयच्या मर्यादेत असेल तर एचआरला आणखी एक विचारावं. कॅन्सर ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे आणि सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या 80 टक्के भत्ता मिळू शकतो.

आणि सहकाऱ्यांना एक विनंती. “काही लागलं तर सांग” एवढ्यावर सोडू नका, आजारी माणूस सहसा सांगत नाही. “7 तारखेचं चलन मी भरतो” किंवा “24 ला हॉस्पिटलला मी गाडी आणते” असं तारीख घालून बोला, आणि नको म्हटलं तर राग धरू नका.