दुरुस्ती केली, पण कुठे?

ब्रिटनमध्ये पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, बंद दाराआड होते. समोर सहसा दोन परीक्षक असतात, एक त्याच विद्यापीठातले आणि एक बाहेरचे. दोन-तीन तासांच्या चर्चेनंतर बहुतेकांना जो निकाल ऐकायला मिळतो तो असा: पास, पण दुरुस्त्या करून. घरी फोन जातो, पेढे वाटले जातात. मग काही दिवसांनी दुरुस्त्यांची लेखी यादी हाती पडते. किरकोळ दुरुस्त्यांना अनेक ठिकाणी तीन महिने मिळतात, मोठ्या असतील तर साधारण सहा. मुदतीत सुधारलेला प्रबंध द्यायचा आणि सोबत एक पत्र जोडायचं. परीक्षकांची कोणती सूचना कुठल्या पानावर कशी पूर्ण केली, याचा हा हिशेब.

दुरुस्त्या किरकोळ असतील तर बहुधा विद्यापीठातले परीक्षकच त्या तपासतात. त्यांनी अडीच-तीनशे पानांचा प्रबंध एकदा बारकाईने वाचलेला असतो. तो पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचण्याची त्यांची मुळीच इच्छा नसते. पत्र हातात धरून नेमक्या जागा उघडायच्या, खूण करायची आणि पुढे जायचं, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणूनच ‘सूचनेप्रमाणे बदल केला’ हे उत्तर कुचकामी ठरतं. काय बदललं आणि कुठे, ते परीक्षकांनीच शोधायचं का?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यातल्या शेततळ्यांवर एका विद्यार्थिनीने ब्रिटनमध्ये प्रबंध लिहिला. परीक्षकांची पहिली सूचना दोन ओळींची: ‘पान ८७ वरच्या तक्त्यात तळी १४६ आहेत, पान ९१ वर १६४. कोणता आकडा खरा?’ ही अंकांची अदलाबदल. खरा आकडा १४६, तेव्हा पान ९१ सुधारलं की झालं, असं वाटतं. पण त्या १६४ वर एक टक्केवारी उभी होती. ९८ तळ्यांत बोअरचं पाणी उपसून भरलं जात होतं, म्हणून प्रबंधात ‘सुमारे ६० टक्के’ असं लिहिलं होतं. १४६ ने भागल्यावर ते ६७ टक्के होतात. हा आकडा गोषवाऱ्यात आहे, शेवटच्या प्रकरणातही आहे. मुळात सूचना एकच होती, पण पत्रात जागा तीन द्याव्या लागतात. वर एक वाक्यही हवं: टक्केवारी वाढली, पण निष्कर्षाची दिशा तीच राहिली. परीक्षकांनी न विचारलेला हा परिणाम आपणहून सांगितला की बाकीच्या उत्तरांवरही त्यांचा विश्वास बसतो. लपवला आणि त्यांना सापडला, तर मात्र ते प्रत्येक ओळ तपासायला बसतात.

दुसरी सूचना गावांच्या निवडीबद्दलची होती. गावं कोणत्या निकषावर निवडली ते प्रबंधात नव्हतं. तिने तिसऱ्या प्रकरणात दोन पानं नव्याने लिहिली आणि त्यासरशी पुढची सगळी पानं दोनाने सरकली. तक्ता ८७ वरून ८९ वर गेला, चुकीचं वाक्य ९१ वरून ९३ वर. इथेच पुष्कळ पत्रं फसतात. दुरुस्ती करता करता टिपलेले पानक्रमांक शेवटी खोटे ठरतात. म्हणून पत्रातले पानक्रमांक सर्वांत शेवटी, अंतिम पीडीएफ समोर ठेवून भरायचे. जुनं पान आणि नवं पान दोन्ही द्यायची, जोडीला विभागाचा क्रमांकही द्यायचा, कारण तो सहसा सरकत नाही. लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांना `latexdiff` हा प्रोग्राम जुन्या-नव्या मजकुरातला फरक रंगांत दाखवून देतो. वर्डमध्ये ते काम ट्रॅक चेंजेस करतं. अशी खुणा केलेली प्रत सोबत दिली की तपासणाऱ्याचं काम झपाट्याने होतं.

तिसरी सूचना अवघड होती: शेजारच्या तालुक्याशी तुलना करा. त्यासाठी पुन्हा गावोगाव फिरणं आलं, आणि मुदत तीन महिन्यांची. अशा वेळी पत्रात वाद घालण्यात अर्थ नसतो. असा प्रश्न आधीच मार्गदर्शकांमार्फत सोडवून घ्यायचा असतो. परस्पर बाहेरच्या परीक्षकांना ईमेल धाडणं नियमात सहसा बसत नाही. इथे तोडगा असा निघाला की तुलना करायची नाही, पण सातव्या प्रकरणात अभ्यासाच्या मर्यादांमध्ये एका तालुक्यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही, ते स्पष्ट लिहायचं. पत्रात सूचना परीक्षकांच्याच शब्दांत उतरवली आणि खाली ठरलेला तोडगा, विभाग आणि पान दिलं.

ऑस्ट्रेलियात चित्र वेगळं आहे. तिथे वर्षानुवर्षं व्हायवाविनाच, परीक्षकांच्या लेखी अहवालांवर पदवी दिली गेली. त्यामुळे पत्रात असहमती मांडायला जास्त वाव असतो. दोन अहवाल एकमेकांच्या विरुद्धही जाऊ शकतात: एकाला चौथं प्रकरण लांबलेलं वाटतं, तर दुसऱ्याला त्यातच आणखी तपशील हवा असतो. मग कोणाचं ऐकलं, का ऐकलं आणि ज्याचं ऐकलं नाही त्याच्यासाठी निदान कोणता खुलासा कुठे घातला, हे सगळं विद्यार्थ्याला पत्रात लिहावं लागतं.